विश्लेषण : वायफायचा डबा घरात, पण किल्ली कंपनीकडे… पोर्ट फॉरवर्डिंग हवे असल्यास नेमके काय मागावे?

इचलकरंजीतल्या एका यंत्रमाग कारखानदाराचे उदाहरण घेऊ. कारखान्यात आठ कॅमेरे आणि जुना डीव्हीआर आहे. फायबरची जोडणी आली तेव्हा कंपनीच्या माणसाने भिंतीवर पांढरा डबा बसवला आणि वायफायचा पासवर्ड लिहून दिला. घरी बसून रात्रपाळी मोबाइलवर पाहायची, एवढीच मालकाची गरज. कॅमेरेवाल्याने सांगितले, ‘पोर्ट उघडून घ्या’. मालकाने डब्याच्या खालच्या लेबलवरचे नाव-पासवर्ड टाकून सेटिंग उघडले, तर तिथे वायफायचे नाव बदलण्यापलीकडे काहीच नव्हते. ग्राहक सेवा केंद्राने ‘डबा रीस्टार्ट करा’ असे तीनदा सांगितले. महाराष्ट्रातल्या असंख्य दुकानांत, दवाखान्यांत आणि सोसायट्यांत गाडी इथेच अडते.

मेनू दिसत का नाही?

या डब्यात साधारणतः दोन खाती असतात. लेबलवर छापलेले खाते ग्राहकाचे आणि दुसरे कंपनीचे. ग्राहकाच्या खात्यात Port Forwarding, Virtual Server किंवा NAT या नावाचे पान लपवलेले असते; ते डब्यात नसते असे नाही. कंपनी दूरवरून टीआर-०६९ नावाच्या पद्धतीने डब्याची सेटिंग वाचते, बदलते आणि नवे सॉफ्टवेअर भरते.

लपवण्यामागे केवळ खोडसाळपणा आहे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या घातक प्रोग्रॅमने जगभरातले डीव्हीआर, कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, ते बहुतांशी कारखान्यातून आलेला पासवर्ड कोणी बदलला नव्हता म्हणून. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्याच्या एका भावंडाने जर्मनीत सुमारे नऊ लाख ग्राहकांचे राउटर बंद पाडले. ग्राहकाने चुकीचे दार उघडे ठेवले की निस्तरावे कंपनीलाच लागते. पण म्हणून ज्याला खरोखर गरज आहे त्याने कुठे आणि काय मागायचे, हेच न सांगणे समर्थनीय ठरत नाही. कुलूप लावायला हरकत नाही. पण किल्ली मागण्याची खिडकी तरी असावी.

आधी पत्ता तपासा, मग मेनू मागा

बहुतेकांची गल्लत इथे होते. महिनाभर भांडून मेनू मिळतो, नियम लिहिला जातो आणि तरीही बाहेरून काहीच दिसत नाही. कारण अडथळा डब्यात नसतो, त्याच्या पलीकडे असतो.

मोठ्या इमारतीला एकच पत्ता आणि फाटकावर एक वॉचमन असतो. बाहेरून आलेले पार्सल कोणत्या घरी द्यायचे हे त्याला सांगून ठेवणे म्हणजे पोर्ट फॉरवर्डिंग. पण तुमची इमारतच एका कॉलनीत असेल, कॉलनीला एकच फाटक असेल आणि तिथला वॉचमन कंपनीचा असेल, तर तुमच्या वॉचमनला सांगून उपयोग काय? आयपीव्ही४ पद्धतीचे पत्ते जगात अपुरे पडल्यामुळे अनेक कंपन्या शेकडो ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवतात. याला सीजीनॅट म्हणतात. २०१२ मध्ये त्यासाठी पत्त्यांचा एक वेगळा गट राखून ठेवण्यात आला.

हे मोबाइलवर पाच मिनिटांत तपासता येते. डब्याच्या वायफायला जोडा, वायफायच्या तपशिलात ‘गेटवे’ म्हणून दिसणारा आकडा (बहुधा 192.168.1.1) ब्राउझरमध्ये टाइप करा आणि लेबलवरच्या खात्याने आत जा. Status किंवा WAN नावाचे पान ग्राहकाच्या खात्यातही बहुधा दिसते. तिथला आयपीव्ही४ पत्ता लिहून घ्या. मग ‘माझा आयपी’ दाखवणाऱ्या कोणत्याही संकेतस्थळावर दिसणारा पत्ता पाहा. दोन्ही सारखे असतील तर पत्ता सार्वजनिक आहे आणि प्रश्न फक्त मेनूचा आहे. वेगळे असतील, किंवा डब्यातला पत्ता 100.64 ते 100.127 यांपैकी कशाने किंवा 10 ने सुरू होत असेल, तर तुम्ही कॉलनीच्या फाटकाआड आहात. मग मेनू मागण्याआधी सार्वजनिक पत्ता मागावा लागतो. तो अनेकदा जादा शुल्कात किंवा व्यावसायिक प्लॅनमध्येच मिळतो.

इचलकरंजीच्या उदाहरणात डब्यावर 100.72 ने सुरू होणारा पत्ता निघाला, असे धरू. म्हणजे ‘पोर्ट उघडून द्या’ ही मागणीच अर्धवट होती. ग्राहक सेवेतल्या मुलाला ती कळली असती तरी त्याच्या हातात काही नव्हते.

मागणी कशी लिहावी?

फोनवर ‘पोर्ट चालत नाही’ म्हटले की तक्रार ‘इंटरनेट संथ’ या खात्यात जाते, तंत्रज्ञ येतो, वेग मोजतो आणि तक्रार बंद करतो. म्हणून ईमेलने किंवा अॅपमधून लेखी मागावे, आणि तांत्रिक विभागाला पाठवण्याची विनंती पहिल्याच ओळीत करावी. मजकूर असा असू शकतो :

‘कृपया ही विनंती तांत्रिक विभागाकडे पाठवावी. ग्राहक क्रमांक अमुक, डब्याचा सीरियल नंबर अमुक. डब्यावर 100.72 ने सुरू होणारा पत्ता दिसतो, म्हणजे मी सीजीनॅटमागे आहे. मला सार्वजनिक आयपीव्ही४ पत्ता हवा आहे. तो स्थिर मिळेल की बदलता आणि शुल्क किती, हे कळवावे. त्यानंतर यूडीपी पोर्ट 51820 वर येणारी जोडणी आतल्या 192.168.1.2 या पत्त्याच्या त्याच पोर्टवर पाठवण्याचा नियम आपण लिहून द्यावा किंवा माझ्या खात्यात तो मेनू सुरू करावा. दोन्ही शक्य नसल्यास डबा ब्रिज मोडमध्ये टाकून जोडणीचे वापरकर्तानाव, पासवर्ड आणि व्हीलॅन क्रमांक द्यावा. नकार असल्यास कारण लेखी कळवावे.’

या पत्रात कंपनीला तीन वाटा दिल्या आहेत. शेवटची वाट म्हणजे ब्रिज मोड : कंपनीचा डबा फक्त फायबरचा प्रकाश तारेत उतरवतो आणि बाकी सारे काम ग्राहकाचा स्वतःचा राउटर करतो. कंपनीचा मेनू मग लागतच नाही. मात्र त्याच डब्यातून लँडलाइन किंवा टीव्ही चालत असेल, तर त्यावर काय परिणाम होईल हे आधी विचारून घ्यावे. नंतर विचारले तर घरातले आजोबा विचारतील.

पत्रात डीव्हीआरचे पोर्ट का नाही?

कॅमेरेवाला सहसा डीव्हीआरचेच पोर्ट सरळ उघडायला सांगतो. ज्या डीव्हीआरला कित्येक वर्षांत नवे सॉफ्टवेअर मिळालेले नाही, त्याच्याबाबत हा सल्ला वाईट आहे. मिराईला नेमके असेच डीव्हीआर सापडले होते. त्याऐवजी कंपनीच्या डब्यामागे स्वतःचा, वायरगार्ड सुविधा असलेला राउटर ठेवावा आणि बाहेरून फक्त त्याच्यापर्यंत वाट काढावी. पत्रातला 192.168.1.2 हा त्या राउटरचा पत्ता, आणि तो कायम तोच राहील असे करून घ्यावे. अन्यथा वीज जाऊन आली की डबा त्याला दुसरा पत्ता देईल आणि नियम रिकाम्या घराकडे बोट दाखवेल. मालक मोबाइलवर वायरगार्ड सुरू करतो, कारखान्याच्या जाळ्यात शिरतो आणि डीव्हीआर आतूनच पाहतो. ज्याच्याकडे योग्य किल्ली नाही, त्याला वायरगार्ड उत्तरच देत नाही.

पण याच गुणामुळे चाचणी फसते. ‘पोर्ट उघडे आहे का’ सांगणारी संकेतस्थळे बहुधा टीसीपी तपासतात आणि इथे यूडीपी आहे. ती ‘बंद’ म्हणाली तरी काम चालू असू शकते. चाचणी दोन टप्प्यांत करावी. आधी मोबाइल कंपनीच्या डब्याच्या वायफायला जोडून अॅपमध्ये सर्व्हरचा पत्ता 192.168.1.2:51820 द्यावा. इथे जमले तर किल्ल्या आणि राउटर ठीक आहेत. मग वायफाय बंद करून मोबाइल डेटावर सार्वजनिक पत्ता द्यावा. आता अॅपमध्ये पाठवलेला डेटा वाढत असेल पण मिळालेला शून्यावरच अडला असेल, तर दोष कंपनीच्या नियमात किंवा पत्त्यात आहे, आणि तेच वाक्य तक्रारीत लिहिता येते. त्याच वायफायवर बसून सार्वजनिक पत्ता तपासू नये. अनेक डबे आतून बाहेर जाऊन परत आत येऊ देत नाहीत आणि उगाच अपयश दिसते.

सार्वजनिक पत्ता बदलता मिळाला तरी हरकत नाही. डीडीएनएस सेवेने त्याला एक कायमचे नाव देता येते.

व्हिडिओतले ‘गुप्त पासवर्ड’ वापरावेत का?

कंपनीच्या खात्याचा पासवर्ड सांगणारे व्हिडिओ भरपूर आहेत. पासवर्ड लागू पडला तरी हाताने लिहिलेला नियम कंपनीच्या पुढच्या दूरस्थ बदलात पुसला जाऊ शकतो, आणि रात्री कॅमेरे का गेले हे सकाळी कोणालाच कळत नाही. त्याहून वाईट म्हणजे टाचणीने रीसेट दाबणे. काही डब्यांत जोडणीची माहितीही त्याने जाते आणि तंत्रज्ञ येईपर्यंत इंटरनेटच बंद राहते.

कंपनी नाहीच म्हणाली तर?

दूरसंचार ग्राहकांसाठी ट्रायने २०१२ मध्ये केलेल्या नियमांनुसार तक्रार केंद्राने तक्रार क्रमांक द्यावा लागतो आणि समाधान न झाल्यास त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येते. मात्र तक्रार कशाची आहे याला महत्त्व आहे. स्थिर पत्त्याचे पैसे घेऊन तो दिला नाही, ही सेवेतली त्रुटी ठरते. ‘मेनू दाखवत नाही’ एवढीच तक्रार तशी टिकेलच असे नाही. म्हणून पैसे भरण्यापूर्वी ‘या पत्त्यावर बाहेरून येणारी जोडणी चालेल का’ हे लेखी विचारून ठेवावे.

जर्मनीने १ ऑगस्ट २०१६ पासून ग्राहकाला स्वतःचा राउटर वापरण्याचा हक्क कायद्याने दिला. जोडणीसाठी लागणारी माहिती कंपनीने न मागता आणि मोफत द्यायची, असे तिथे बंधन आहे. भारतात एवढे लगेच होणार नसेल, तर निदान जोडणी देताना अर्जावर एक ओळ छापावी : पत्ता सार्वजनिक की सामायिक, आणि ब्रिज मोड मिळतो की नाही. आज ती ओळ नसल्यामुळे इचलकरंजीच्या मालकाला वर्षभराचे पैसे भरल्यावर कळते की त्याच्या प्लॅनमध्ये सार्वजनिक पत्ताच मिळत नाही. अशा वेळी एखाद्या भाड्याच्या सर्व्हरमार्गे वायरगार्ड जोडता येतो. त्यात जोडणी आतून बाहेर जाते, त्यामुळे सीजीनॅट आड येत नाही. पण सर्व्हरचे महिन्याचे भाडे मालकालाच भरावे लागते.