उत्तर कोठे असणार, हे आधी पाहावे

कलाशाखेच्या विद्यार्थ्याने बँकेची परीक्षा द्यावयाचे ठरविले की त्याची गाठ पडते ती गुणोत्तर आणि मिश्रण यांच्या उदाहरणांशी. आपल्यापैकी बहुतेकांनी दहावीनंतर गणिताचे पुस्तक मिटलेले असते. मग मार्गदर्शिकेतून फुली मारण्याची रीत पाठ केली जाते. दोन किमती दोन बाजूंना लिहावयाच्या, मिश्रणाची किंमत मध्ये लिहावयाची आणि तिरपी वजाबाकी करावयाची. या रीतीविषयी माझी तक्रार नाही, क्रमाविषयी आहे. उत्तर कोणत्या दोन संख्यांच्या मध्ये पडले पाहिजे हे आधी ठरवावे, फुली नंतर मारावी, असे माझे मत आहे.

एक उदाहरण घेऊ. एका दुकानदाराने ३२० रुपये किलोचा आणि ४०० रुपये किलोचा चहा एकत्र केला. ते मिश्रण ४२० रुपये किलोने विकून त्याला शेकडा २० नफा झाला. तर दोन्ही चहा कोणत्या प्रमाणात मिसळले?

येथे पुष्कळजण ४२० हाच आकडा फुलीच्या मध्यावर लिहितात आणि एका बाजूची वजाबाकी उलटी करून काहीतरी गुणोत्तर काढून मोकळे होतात. पण माझ्या आईला विचारले (ती शाळेची पायरी चढलेली नाही), तर ती लगेच म्हणेल की, दोन्ही चहा चारशेच्या आतले, मग मिसळल्यावर चारशेवीसला कसा पडला? सगळा चहा महागातला घेतला असता तरी किलोला ४०० रुपयेच पडले असते आणि त्यात स्वस्त चहा घातला की किंमत खालीच येणार. तेव्हा ४२० ही खरेदीची किंमत असूच शकत नाही. त्यात नफा धरलेला आहे. तो काढला की ३५० रुपये उरतात आणि ही संख्या ३२० व ४०० यांच्या मध्ये नीट बसते. आता फुली मारली तर ५०:३०, म्हणजे ५:३ येते.

पण हे पाच कोणाचे आणि तीन कोणाचे? गोंधळ होतो तो येथेच, कारण पर्यायांत ३:५ सुद्धा हटकून दिलेले असते. दोन्ही चहा सारखे घेतले असते तर भाव बरोबर मध्यावर, ३६० रुपये, पडला असता. आपला भाव ३५० आहे, मध्यापेक्षा स्वस्ताकडे झुकलेला. म्हणजे स्वस्त चहाच जास्त असला पाहिजे. ३:५ धरले तर भाव ३७० निघतो.

कोणी म्हणेल की हा अंदाज झाला, गणित नव्हे. मला हे मान्य नाही. अंदाज चुकू शकतो, ही मर्यादा मात्र चुकत नाही. दुधाच्या उदाहरणात हे अधिक स्पष्ट दिसते. ५० लिटर दुधातून ५ लिटर काढून तेवढेच पाणी घातले आणि असे एकूण तीन वेळा केले, तर दूध किती उरले? पर्याय समजा ३४, ३५, ३६.४५ आणि ४०.५ लिटर असे आहेत.

तिन्ही वेळा निव्वळ दूधच गेले असते तर १५ लिटर जाऊन ३५ उरले असते. पण दुसऱ्या वेळेपासून काढलेल्या पाच लिटरांत थोडे पाणीही जाते, म्हणून दूध ३५ पेक्षा जास्तच उरणार. पहिले दोन पर्याय येथेच बाद झाले. आता दुसरे टोक पाहू. तिसऱ्यांदा काढताना भांड्यात निदान ४० लिटर तरी दूध असणारच, कारण तोपर्यंत फार तर १० लिटर गेलेले असते. पन्नासात चाळीस म्हणजे काढलेल्या पाच लिटरांत निदान चार लिटर दूध. दुसऱ्या वेळीही चारापेक्षा कमी नाही आणि पहिल्या वेळी तर पूर्ण पाच. म्हणजे तेरा लिटरांहून कमी दूध गेलेले नाही. उत्तर ३५ आणि ३७ यांच्या मध्येच हवे. ४०.५ हे दोनच वेळा काढल्यानंतरचे दूध आहे. घाईत तिसरी वेळ विसरणाऱ्यासाठी ते ठेवलेले असते. प्रत्येक वेळी दहा भागांतले नऊ भाग दूध उरते, हे तीनदा करून पाहिले की ३६.४५ येतात.

परीक्षकाने ३६ आणि ३६.४५ असे दोन्ही पर्याय दिले, तर ही मर्यादा आपल्याला तेथवर नेऊन सोडते. पुढचा गुणाकार करावाच लागतो आणि त्यात चूक झाली तर ती मर्यादेच्या आतही लपून राहू शकते. पण बँकांच्या परीक्षेत चुकीच्या उत्तराला पाव गुण कापतात. तेथे चारांतले तीन पर्याय अर्ध्या मिनिटात खोडता येत असतील, तर वर्गात ही गोष्ट फुलीच्या आधी का शिकवू नये, हे मला अजून कोणी पटवून दिलेले नाही.