आधी ठरवा, समोर कोण आहे

सोसायटीची नोटीस, शाळेचा निरोप, दवाखान्यातला सूचनांचा कागद, बँकेचा मेसेज. यातलं बरंचसं हल्ली आधी इंग्रजीत लिहिलं जातं आणि मग घाईघाईने मराठीत केलं जातं. इंग्रजीत नातवाला, साहेबांना, रिक्षावाल्याला आणि देवालाही एकच ‘यू’ चालतो. मराठीत त्या जागी ‘तू’ लिहायचं, ‘तुम्ही’ की ‘आपण’, हे लिहिणाऱ्यालाच ठरवावं लागतं. जे कोणी असा मजकूर लिहितात किंवा तपासतात, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की पहिलं वाक्य लिहिण्याआधी हा निर्णय घ्या आणि शेवटच्या वाक्यापर्यंत तो सोडू नका.

निर्णय घेतला नाही की काय होतं, ते एका नमुन्यावर पाहू. रक्ततपासणीला येणाऱ्यांसाठी असा कागद छापलेला असतो: ‘आपण चाचणीच्या आठ तास आधी काही खाऊ नये. तुम्ही पाणी पिऊ शकता. आपण आपले जुने रिपोर्ट आपल्यासोबत आणावेत. तू गरोदर असल्यास आम्हाला सांग.’ चार वाक्यांत कागद वाचणाऱ्या बाईंना तीन वेगवेगळ्या नात्यांनी हाक मारली आहे. आधी पाहुणी, मग ओळखीची, आणि शेवटी, नेमकं नाजूक गोष्ट विचारायच्या वेळी, एकदम ‘तू’. वाचणारीला ते खटकतं. सत्तरीच्या आजोबांच्या हातात असंच अरेतुरे लिहिलेला कागद पडला तर तो अपमान वाटतो, आणि तसं वाटणं चुकीचं नाही.

आता हाच मजकूर असा लिहून पाहा: ‘तपासणीच्या आधी आठ तास काही खाऊ नका. पाणी प्यायलं तर चालेल. जुने रिपोर्ट बरोबर आणा. गरोदर असाल तर आधी सांगा.’ यात ‘तू’ नाही, ‘तुम्ही’ नाही, ‘आपण’ही नाही. तरी समोरच्या माणसाला ‘तुम्ही’ म्हटलं आहे हे कोणालाही कळतं, कारण ते काम ‘खाऊ नका’, ‘आणा’, ‘असाल’, ‘सांगा’ या क्रियापदांनी केलं आहे. इंग्रजी वाक्याला ‘यू’वाचून बहुधा चालत नाही, मराठीला सर्वनाम गाळलेलं चालतं. म्हणून मजकूर तपासताना सर्वनामांच्या मागे लागू नका, क्रियापदांखाली रेघ ओढत जा. ‘जाऊ नकोस’ म्हणजे तू, ‘जाऊ नका’ म्हणजे तुम्ही, ‘जाऊ नये’ म्हणजे बहुधा आपण. एका कागदावर यातली दोन रूपं सापडली, तर लिहिणाऱ्याच्या मनात समोर कोण आहे हे पक्कं नव्हतं.

‘आपण’बद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण अधिक आदर म्हणून बरेच जण सरसकट तोच वापरतात. या शब्दाचे दोन अर्थ आहेत: फार आदराने म्हटलेलं ‘तुम्ही’, आणि बोलणारा व ऐकणारा मिळून ‘आपण सगळे’. पुष्कळदा क्रियापद हा गुंता सोडवतं. ‘आपण जाल’ म्हणजे तुम्ही जाल, ‘आपण जाऊ’ म्हणजे दोघे मिळून जाऊ. ‘आपण करता’ आणि ‘आपण करतो’ यांतही शंका राहत नाही. पण ‘जावे’, ‘करावे’, ‘जायला हवं’ अशी रूपं आली की ती खूण नाहीशी होते. समजा, सोसायटीच्या सचिवांनी खजिनदारांना लिहिलं, ‘आपण उद्या अकरा वाजता बँकेत जावे.’ खजिनदार समजले की दोघांनी मिळून जायचं आहे, आणि सचिवांची वाट पाहत बसले. सचिवांना मात्र खजिनदारांनीच जावं असं म्हणायचं होतं. भाषेच्या दृष्टीने दोघांचंही बरोबर आहे. ‘तुम्ही उद्या अकरा वाजता बँकेत जा’ किंवा ‘आपण दोघे जाऊ या’ असं लिहिलं असतं, तर हा घोटाळा झालाच नसता. निमंत्रणपत्रिकेत, भाषणात, मानाच्या पत्रात ‘आपण’ शोभतो. जिथे काम कोणी करायचं, पैसे कोणी भरायचे हे सांगायचं आहे, तिथे ‘तुम्ही’च बरा. त्यात आदर कमी पडत नाही.

‘तू’ची अडचण वेगळी आहे. ‘तू’ म्हटलं की क्रियापद पुष्कळदा मुलगा की मुलगी तेही विचारतं: आलास की आलीस, करतोस की करतेस. म्हणून मुलांसाठीच्या खेळात सगळ्यांना ‘तू जिंकलास’ असं दिसतं, तेव्हा खेळणाऱ्या प्रत्येक मुलीला ते चुकीचं असतं. ‘तुम्ही जिंकलात’ दोघांना चालतं, पण सहा वर्षांच्या पोराला ते परकं वाटेल. तिथे ‘शाब्बास, जिंकलं कोण?’ असं वाक्यच बदलून घ्यावं. ‘तुम्ही’ मात्र प्रत्येक ठिकाणी लिंग झाकत नाही, हेही लक्षात असू द्या. ‘तुम्ही आलात’ सर्वांना सारखं, पण बाईंना ‘तुम्ही एकट्या आलात का’ आणि पुरुषाला ‘एकटे आलात का’.

वयावरून रूप ठरतं, असं सांगून भागत नाही. कितीतरी घरांत आई ‘तू’ असते आणि बाबा ‘तुम्ही’. ‘आई आली’ आणि ‘बाबा आले’ ही वाक्यं एकाच तोंडून एकाच दमात येतात. त्यात आईचा मान कमी नसतो, जवळीक जास्त असते. उलट रोज ‘तू’ म्हणणारी मैत्रीण एखाद्या दिवशी ‘तुम्ही’ म्हणाली, तर ती रागावली आहे हे लगेच कळतं. घरातले हे हिशेब ज्याने त्याने ठरवावेत, बाहेरच्याने त्यात पडू नये. घराबाहेर मात्र माझं मत ठाम आहे. अनोळखी मोठ्या माणसाला ‘तुम्ही’च म्हणावं, मग तो वॉचमन असो, भाजीवाली असो की घरकामाला येणाऱ्या मावशी. साहेबांना ‘या, बसा’ आणि ड्रायव्हरला ‘ये, बस’ हा फरक वयाचाही नाही आणि जवळिकीचाही नाही. तो फक्त पगाराचा आहे, आणि मुलं तो आपल्याकडूनच उचलतात.

इंग्रजी माध्यमातली किंवा परदेशात वाढणारी मुलं ‘काका, तू ये’ म्हणतात, तेव्हा त्यांना उद्धट ठरवू नका. घरात मराठी बोलणारे आईबाबाच असतात आणि ते मुलाशी ‘तू’नेच बोलतात, त्यामुळे ‘खा, ये, बस’ एवढीच रूपं त्याच्या कानावर पडलेली असतात. ‘मोठ्यांना तुम्ही म्हणावं’ असं नुसतं बजावून क्रियापदं येत नाहीत. त्याच्या तोंडी पूर्ण वाक्य द्या: ‘आजोबांना विचार, तुम्ही चहा घेणार का?’ ‘काकूंना सांग, तुम्ही आत या, बसा.’ दिवसातून दोन-चारदा असे निरोप पोचवायला लावले की ‘या’ आणि ‘बसा’ जिभेवर बसतात.

आणि पुढच्या वेळी कोणताही मराठी कागद छापायला किंवा मेसेज पाठवायला निघालात, तर तो आधी घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला मोठ्याने वाचून दाखवा. वाचताना जिथे तुमचीच जीभ अडखळेल, ते क्रियापद बदला.