वाळीत पडलेल्या श्रद्धावंताचं काय?

धार्मिक स्वातंत्र्य म्हटलं की आपल्याला सरकार आठवतं. सरकारनं देवळात, मशिदीत, चर्चमध्ये ढवळाढवळ करू नये, इतकं झालं की धर्मनिरपेक्षता साधली असं वाटतं. मी श्रद्धा मानणारा माणूस आहे आणि मला हे अपुरं वाटतं. माणसाची श्रद्धा सरकार जितकी अडवू शकतं, तितकीच त्याची स्वतःची जमातही अडवू शकते.

मुंबई राज्यानं 1949 मध्ये बहिष्कारबंदीचा कायदा केला. कोणत्याही जमातीनं आपल्या सदस्याला बाहेर काढलं, तर ते अवैध ठरणार होतं. दाऊदी बोहरा समाजाचे धर्मप्रमुख सय्यदना ताहेर सैफुद्दीन यांनी त्याला आव्हान दिलं. 1962 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं चार विरुद्ध एक अशा बहुमतानं कायदा रद्द केला. धर्माच्या कारणावरून केलेला बहिष्कार हा पंथाच्या अंतर्गत कारभाराचा भाग आहे आणि घटनेचं कलम 26 त्याला संरक्षण देतं, असा बहुमताचा आधार होता. एकटे सरन्यायाधीश भुवनेश्वर प्रसाद सिन्हा वेगळं बोलले. बाहेर काढलेल्या माणसाची स्थिती अस्पृश्यासारखी होते, हे त्यांनी पाहिलं.

मला सिन्हांचं म्हणणं पटतं, पण बहुमताची भीतीही खोटी नव्हती. खरा बोहरा कोण, हे सरकारनं ठरवू नये. पंथाला आपल्या श्रद्धेच्या सीमा आखता आल्या नाहीत, तर पंथ उरत नाही. अडचण अशी की बहिष्कार श्रद्धेपाशी थांबत नाही. माणसाशी नातेवाइकांनी बोलायचं नाही, त्याच्या घरच्या लग्नाला जायचं नाही, मेल्यावर जमातीच्या कब्रस्तानात जागा नाही. कब्रस्तानाचा हक्क धार्मिकही आहे आणि नागरीही, म्हणून रेघ ओढणं अवघड जातं.

माझ्या मते ती अशी ओढता येते: विधी आणि पदं पंथाच्या हाती राहू द्यावीत, पण नाती, रोजगार आणि दफनभूमी यांवर हुकूम चालू नये. ज्याला काढलं, तोही श्रद्धावानच असतो. बहुतेकदा त्याला धर्म सोडायचा नसतो, हिशोब विचारायचा असतो. बोहरा सुधारक असगर अली इंजिनिअर आयुष्यभर हेच सांगत राहिले.

महाराष्ट्रानं 2016 मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला. जातपंचायतींच्या छळातून तो आला. वाळीत टाकणाऱ्याला त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे. पण 1962 चा निकाल उभा असताना धार्मिक बहिष्काराला हा कायदा कितपत लागू पडेल? फेब्रुवारी 2023 मध्ये घटनापीठानं या निकालाच्या फेरविचाराचा प्रश्न नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपवला. त्या पीठापुढे पंथाचे वकील कलम 26 घेऊन उभे राहतील. कलम 25 मधलं धर्मस्वातंत्र्य एकेका माणसाला दिलेलं आहे, हे तिथं कुणीतरी तितक्याच आग्रहानं मांडायला हवं.