फॉर्मातला शेवटचा चौकोन

"तो शेवटचा प्रश्न काढून टाक रे. लोकांचे निबंध कोण वाचत बसणार?" ऑफिसच्या बसचा सर्व्हे बनवत होतो तेव्हा मॅनेजरने हे ऐकवलं आणि माझं टाळकंच सटकलं.

दहा प्रश्न, प्रत्येकाला एक ते पाच मार्क, आणि शेवटी रिकामा चौकोन: "अजून काही सांगायचंय?" भांडून तो ठेवला. ११२ जणांनी फॉर्म भरला. बस वेळेवर येते का? सरासरी ४.१. साहेब खूश. चौकोनात ३१ जणांनी लिहिलं, पण त्यातले १४ नुसतेच "नाही" नाहीतर "थँक्स". (चूक माझीच. हो-नाहीचा प्रश्न विचारला की उत्तर तसंच येणार.) उरलेले १७ चहा पिता पिता वाचले. वीस मिनिटं लागली, फक्त वीस!

त्यात चौघांनी एकच गोष्ट लिहिली होती. रात्री सव्वानऊची बस हायवेच्या पलीकडे सोडते आणि अंधारात रस्ता ओलांडावा लागतो. माझ्या दहा प्रश्नांत 'कुठे उतरवतात' हे नव्हतंच. चौघांपैकी तिघांनी वेळेला चक्क पाच मार्क दिले होते. बस वेळेवरच येत होती ना!

"११२ मध्ये चार? साडेतीन टक्के. सोड." - इति साहेब. अहो, पण बाकीच्यांना हे विचारलं कुठे होतं? न विचारलेल्याचं मौन 'नाही' म्हणून कसं मोजणार? आता "सगळेच हैराण आहेत" असंही म्हणता येत नाही, कारण चौकोनात लिहायचे कष्ट बहुधा वैतागलेलाच घेतो. तिथून आकडा काढायचाच नसतो, काय मोजायचं राहिलं ते शोधायचं असतं. मी रात्रीच्या बसच्या ४६ जणांना एकच प्रश्न पाठवला: उतरल्यावर हायवे ओलांडावा लागतो का? ४० उत्तरं आली, १९ 'हो'. हा झाला आकडा.

ओ'कॅथेन आणि थॉमस या संशोधकांनी २००४ मध्ये याच प्रश्नावर एक लेख लिहिला होता. ही उत्तरं कोण वाचणार आणि त्यांचं काय करणार, हे प्रश्न टाकण्याआधीच ठरवा, असं त्यांचं म्हणणं. आमच्याकडे ठरतं काय, तर उत्तरांतले शब्द लहानमोठे करून रंगीत चित्र बनवायचं. त्यात 'बस' हा शब्द सगळ्यात मोठा दिसला असता. धन्य!

पुढच्या वेळी मी असं विचारणार आहे: "आम्ही विचारायला विसरलो असं काय आहे? गेल्या महिन्यातला एखादा प्रसंग सांगा." चौकोनही चांगला चार ओळींचा. एका ओळीची जागा दिली तर माणूस एकच ओळ लिहितो. आणि साहेबांना दाखवण्याआधी टीम, स्टॉप, तारीख खोडायची. फॉर्मवर नाव नसलं तरी "टेस्टिंगमधली, शेवटच्या स्टॉपवर उतरते" एवढ्यावरून कोण ते कळतंच की.

असो. बस आता पुलाखालून वळसा घेऊन अलीकडे सोडते. पाच मिनिटं उशीर होतो. ते ४.१ पुढच्या वेळी खाली येणार बहुतेक :)