एसीत दरवर्षी गॅस भरायचा नसतो

एप्रिल आला की घरोघरी एसीची सर्व्हिसिंग सुरू होते, आणि फिल्टर धुऊन झाला की मिस्त्री हमखास म्हणतो, “ताई, गॅस थोडा कमी झालाय, भरून टाकू का?” आपणही स्कूटरमध्ये पेट्रोल भरावं तितक्या सहज “भरा” म्हणतो. माझं स्पष्ट मत आहे की इथे “भरा” म्हणण्याआधी “गेला कुठे?” असं विचारायला हवं.

एसीतला गॅस जळत नाही की झिजत नाही. तो तांब्याच्या बंद नळ्यांतून फिरत राहतो. घरातल्या युनिटमध्ये उकळून खोलीतली उष्णता घेतो आणि बाहेरच्या युनिटमध्ये पुन्हा द्रव होऊन ती सोडतो. आपला फ्रिजही याच तत्त्वावर चालतो. त्यात आपण दरवर्षी गॅस भरतो का? दहा-बारा वर्षं तो तसाच चालतो. मग एसीतला गॅस कमी झाला असेल, तर कुठेतरी गळती आहे एवढाच त्याचा अर्थ. ती न शोधता वरून गॅस भरणं म्हणजे तळाला चीर गेलेल्या माठात पाणी ओतत राहणं.

गॅस खरंच कमी झाला असेल तर काही खुणा दिसतात. दाब उतरल्यामुळे उरलेला गॅस शून्य अंशाच्याही खाली उकळू लागतो. म्हणून बाहेरच्या युनिटजवळच्या बारीक नळीवर आणि आतल्या कॉइलच्या सुरुवातीच्या भागावर बर्फ धरतो. बाकीची कॉइल मात्र कोमटच राहते. एसी तासन् तास चालतो, पण खोली गार होत नाही. बर्फ दिसला म्हणजे गळतीच, असं मात्र नाही. फिल्टर धुळीने भरला तरी हवा कमी मिळून बर्फ होतो, पण तो बहुधा सगळ्या कॉइलवर पसरतो. म्हणून आधी फिल्टर आणि कॉइल स्वच्छ करून पाहावी. पुष्कळदा प्रश्न तिथेच सुटतो.

बिल वाढतं, पण तेवढंच नुकसान नाही. परत येणारा थंड गॅसच कॉम्प्रेसरला गार ठेवतो. तो कमी पडला की कॉम्प्रेसर तापतो. गॅसबरोबर त्याचं तेलही थोडं थोडं बाहेर जातं. असेच दोन-तीन उन्हाळे काढले तर शेवटी कॉम्प्रेसरच बदलायची वेळ येते.

माझ्या जाऊबाईंकडे दीड टनाच्या एसीत सलग तीन वर्षं गॅस भरला जात होता. चौथ्या वर्षी एक जाणता मिस्त्री आला. बाहेरच्या युनिटच्या पट्टीवर आर-३२ गॅसचं वजन ८०० ग्रॅम लिहिलं होतं. त्याने आतला गॅस यंत्राने सिलिंडरमध्ये काढून तोलला, तो ५५० ग्रॅम भरला. म्हणजे वर्षभरात २५० ग्रॅम गेला होता. मग त्याने नळ्यांत कोरडा नायट्रोजन दाबाने भरला आणि सांध्यांवर साबणाचं पाणी लावलं. आतल्या युनिटमागच्या नटाशी तेलकट काळा डाग होता. तिथेच बुडबुडे आले. नळीचं पसरट केलेलं तोंड तडकलं होतं. त्याने ते कापून नवं केलं आणि पुन्हा नायट्रोजन भरून तासभर दाब उतरत नाही ना, हे पाहिलं. नंतर पंपाने नळ्यांतली हवा आणि ओल ओढून काढली आणि वजनकाट्यावर मोजून ८०० ग्रॅम गॅस भरला. पुढच्या उन्हाळ्यात गॅस लागला नाही.

वजनकाटा महत्त्वाचा. बंद एसीला मीटर लावून “प्रेशर कमी आहे” म्हणणाऱ्यावर लगेच विश्वास ठेवू नका. आत थोडाही द्रव शिल्लक असेल तोवर बंद एसीचा दाब बाहेरच्या तापमानावर ठरतो, गॅस किती उरला यावर नाही. इन्व्हर्टर एसी चालू असतानाही त्याचा वेग बदलतो, तसा दाबही बदलतो. अंदाजाने जास्त गॅस भरला गेला तर तेही कॉम्प्रेसरला बाधतं.

गळती सांध्यात असेल तर दुरुस्ती सोपी असते. कॉइललाच बारीक छिद्रं पडली असतील तर एक बुजवल्यावर दुसरं उघडू शकतं. तेव्हा कॉइल बदलण्याचा खर्च आणि एसीचं वय पाहून निर्णय घ्यावा.

आणखी एक. आर-३२ पेट घेऊ शकतो, आणि त्याचा एक किलो हवेत सुटला तर तापमानवाढीवर होणारा परिणाम सुमारे ६७५ किलो कार्बन डायऑक्साइडइतका असतो. दरवर्षी “भरून टाका” म्हणताना आधीचा गॅस आपण असाच हवेत सोडलेला असतो. म्हणून यंदा मिस्त्रीला दोनच प्रश्न विचारा: गळती कुठे सापडली, आणि गॅस किती ग्रॅम भरला? दोन्हींची उत्तरं पावतीवर लिहून घ्या.