‘माल परत कमी’

आमचा मसाल्याचा छोटा कारखाना आहे आणि खरेदीचं काम माझ्याकडे असतं. गेल्या पावसाळ्यात, 12 ऑगस्टला, पुठ्ठ्याचे खोके आले. ते मोजून झाल्याबरोबर मी खोकेवाल्यांना व्हॉट्सअॅपवर लिहिलं :

“माल परत कमी. 24 ओले. लगेच गाडी पाठवा. तोवर पेमेंट बंद.”

दुसऱ्या दिवशी गाडी आली, पण रिकामी. मला म्हणायचं होतं, माल पुन्हा एकदा कमी आलाय, राहिलेला पाठवा. त्यांच्या गोदामातल्या माणसाने वाचलं, माल परत चाललाय, न्यायला गाडी पाठवा. मराठीत ‘परत’चे दोन्ही अर्थ होतात, त्यामुळे चूक त्याची नव्हती. समोरासमोर बोलताना आवाजावरून अर्थ लागला असता. लिहिलेल्या ओळीला आवाज नसतो.

त्या संध्याकाळी खरेदी ऑर्डर, चलन, त्यांचं बिल आणि आमचं आवक रजिस्टर समोर घेऊन मी तोच मजकूर नव्याने, चिठ्ठीच्या रूपात लिहिला आणि ईमेलने पाठवला :

“सप्रेम नमस्कार. आमच्या 1000 खोक्यांच्या ऑर्डर क्र. 57 चा माल 12 ऑगस्टला आपल्या बिल क्र. 118 सोबत मिळाला. मोजणीत 20 नगांचे 48 गठ्ठे, म्हणजे 960 खोके भरले. 40 कमी आहेत. आलेल्यांपैकी 24 खोक्यांच्या कडा ओलसर व नरम आहेत. ते वेगळे ठेवले असून फोटो सोबत जोडले आहेत. कृपया 64 चांगले खोके 20 ऑगस्टपर्यंत पाठवावेत आणि त्याच गाडीतून ओले 24 न्यावेत. ते शक्य नसल्यास 64 नगांची क्रेडिट नोट द्यावी. 936 खोक्यांचे पैसे ठरलेल्या तारखेला देऊ; फक्त 64 नगांची रक्कम तूर्त थांबवली आहे. कालच्या व्हॉट्सअॅप संदेशात सर्व पेमेंट थांबवल्याचे लिहिले होते, त्याऐवजी हे धरावे. कळावे.”

यात मी ‘तुम्ही माल भिजवला’ असं लिहिलं नाही. खोके त्यांच्या गोदामात भिजले की ताडपत्री नीट न बांधल्याने वाटेत, हे मी पाहिलेलं नव्हतं. कडा नरम आहेत, हे मात्र मी हाताने दाबून पाहिलं होतं. पाहिलेलं तेवढंच लिहिलं, तर समोरच्याला वाद घालायला जागा उरत नाही आणि त्याचा अपमानही होत नाही. माझ्या मते व्यवहारातलं सौजन्य याहून फार वेगळं नसतं. सगळं पेमेंट अडवण्याऐवजी वादातली रक्कम तेवढीच थांबवणं, हाही त्याचाच भाग.

चिठ्ठीतलं शेवटून दुसरं वाक्य लिहिताना हात अडला होता. जुना संदेश पुसून टाकावा, असं मनात आलं. पण तो त्यांच्या फोनमध्येही होता. नोंद बदलायची असेल तर जुनी नोंद सांगून बदलावी. मागची तारीख घालून किंवा पुसून नव्हे. म्हणून तो संदेश आजही फाइलमध्ये आहे, या चिठ्ठीच्या मागे.

चिठ्ठी वेळेत लिहिण्याला कायद्याचंही कारण आहे. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याप्रमाणे नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराला, लेखी करार नसेल तर माल स्वीकारल्यापासून 15 दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यावे लागतात. मालाबद्दल हरकत असेल तर ती माल मिळाल्यापासून 15 दिवसांच्या आत लेखी कळवायची असते. मग पुरवठादाराने ती ज्या दिवशी दूर केली, तो दिवस स्वीकाराचा धरतात. हरकत घेतली नाही, तर माल पोचला तोच दिवस. ‘24 ओले’ एवढ्यावरून हरकत कोणत्या बिलावरची, हेही कळत नाही.

चिठ्ठीने सगळंच सावरत नाही. आमच्या माणसाने गठ्ठे न मोजता चलनावर सही केली होती. त्या सहीशेजारी ‘मोजणी बाकी’ एवढे दोन शब्द असते, तर 40 खोक्यांचा मुद्दा आमच्या बाजूने जास्त भक्कम राहिला असता. आता ते दोन शब्द लिहिल्याशिवाय आमच्याकडे चलनावर सही होत नाही.

तुम्हीही अशी चिठ्ठी लिहाल, तेव्हा ती आधी माल न पाहिलेल्या कुणाला तरी वाचायला द्या. काय आलं, काय हवं आणि कधीपर्यंत, हे त्याला काहीही न विचारता सांगता आलं, तरच ती पाठवा.