जुनी तारीख, नवा साहेब

सुप्याच्या एमआयडीसीत एखादी कंपनी दुसरीत विलीन होणार अशी कुजबुज सुरू झाली की दुसऱ्या पाळीच्या बसमध्येच अर्धा कारखाना बंद पडलेला असतो. व्यवस्थापन मात्र सगळं ठरल्याशिवाय तोंड उघडायचं नाही म्हणून गप्प बसतं. माझ्या मते इथेच घोडं पेंड खातं.

विलीनीकरणात काय काय बदलतं, याचं एक उदाहरण घ्या. १ मे २०२५ रोजी विदर्भ कोकण ग्रामीण बँक आणि महाराष्ट्र ग्रामीण बँक एक झाल्या. नाव महाराष्ट्र ग्रामीण बँकेचंच राहिलं आणि मुख्यालय छत्रपती संभाजीनगरला. विदर्भ कोकणचं मुख्यालय नागपूरला होतं आणि तिची प्रायोजक बँक ऑफ इंडिया. आता प्रायोजक बँक ऑफ महाराष्ट्र. प्रायोजक बदलला की संगणक प्रणाली, कर्जमंजुरीची रीत, अर्जाचे नमुने, सगळंच बदलायला लागतं. सरकारी विलीनीकरणात नोकरी आणि पगाराला सहसा धक्का लागत नाही. कर्मचाऱ्याच्या मनात घोळतं ते वेगळंच: ज्येष्ठता यादीत आपण कुठे बसणार, रजा कोण मंजूर करणार, बदली कुठे होणार?

खासगी कारखान्यात मात्र ‘नोकरी सुरक्षित आहे’ हे वाक्य तपासून घ्यावं लागतं. समजा, एक कामगार २०२० मध्ये कायम झाला. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १८,००० रुपये. ग्रॅच्युइटी दर वर्षाला पंधरा दिवसांच्या पगाराइतकी, महिना २६ दिवसांचा धरून. म्हणजे वर्षाला साधारण १०,३८५ रुपये. सहा वर्षांचे बासष्ट हजारांवर. विलीनीकरणात ‘राजीनामा द्या, नवं नेमणूकपत्र घ्या’ असं सांगितलं आणि आधीचा हिशोब चुकता न करता रुजू तारीख २०२६ पडली, तर ही सहा वर्षं वादात अडकतात. सेवा अखंड आहे हे पत्रात लिहिलेलं असेल, तर साहेब कितीही बदलोत.

आणि ठेकेदाराची माणसं? त्यांच्याबद्दल घोषणेत चकार शब्द नसतो, कारण करार ठेकेदाराशी असतो. त्यांना तो कधीपर्यंत आहे एवढं तरी सांगावं.

घोषणा दोन्ही ठिकाणी एकाच वेळी व्हावी, मराठीत, छापील कागदावर. कोण कोणाच्या हाताखाली, हे विभागवार लिहावं. ठरलं नसेल तर कधी ठरणार ती तारीख द्यावी. एका ठिकाणी दहा मिनिटं उशीर चालतो, दुसरीकडे अर्धा दिवस कापतात; असे नियम पहिल्या पगाराच्या चिठ्ठीतून कळू नयेत. नवे नियम ठरेपर्यंत दोघांना आपापले जुनेच नियम लागू राहतील, असं स्पष्ट म्हणावं.

वाचकहो, तुमच्या कंपनीत असं पत्र आलं, तर सही करण्याआधी रुजू झाल्याची तारीख वाचा. ती जुनीच नसेल, तर आधी लेखी खुलासा मागा.